आधी काय पुसायचं, शेवटी काय

२०२४ च्या जुलै महिन्यात काशीमीऱ्यात प्रत्येक बाईच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि हमीपत्राचा कागद. २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली होती. महिन्याला १५०० रुपये. अर्जाची मुदत आधी १५ जुलै होती, मग ती ३१ ऑगस्ट झाली, पण मुदत वाढल्याची बातमी पोचायच्या आधी घाई पोचली होती. अर्ज 'नारीशक्ती दूत' नावाच्या ॲपवर भरायचा होता.

मी अंधेरीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करते, बहुतेक वेळा रात्रपाळीत. त्यामुळे दिवसा घरी असायचे. आमच्या बिल्डिंगच्या ऑफिसात, पाण्याच्या पंपाशेजारच्या त्या कोंदट खोलीत, तीन-चार जणी अर्ज भरायला बसायच्या, त्यात मीही बसले. पेणकरपाड्यापासून हाटकेशपर्यंतच्या बायका यायच्या. बरेच अर्ज आम्ही आमच्याच फोनवरून भरून दिले. पण ज्यांना अर्जाचं पुढे काय झालं ते स्वतः बघायचं होतं, दर वेळी कुणाला विचारायला जायचं नव्हतं, त्यांना ॲप स्वतःच्या फोनवर हवं होतं. आणि तिथे गाडी अडायची. ॲप लहानसं होतं. फोन भरलेले होते.

पहिल्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की कागदपत्रांपेक्षा जास्त वेळ जागा करण्यात जातोय. आणि त्यात धोकाही जास्त आहे. कागद चुकला तर अर्ज परत भरता येतो. घाईत चुकीचं काही पुसलं गेलं तर ते परत भरता येत नाही.

कंपनीत हे मला रोजचं आहे. सर्व्हरची डिस्क ९० टक्क्यांवर गेली की आमच्याकडे अलर्ट वाजतो, आणि रात्री तीन वाजता डोळे चोळत बसल्यावर पहिली इच्छा होते ती सगळ्यांत मोठी फाइल शोधून उडवून टाकायची. ते करायचं नसतं. आमच्या टीममध्ये ठरलेला क्रम आहे. जे मशीन स्वतः पुन्हा तयार करू शकतं ते आधी. ज्याची प्रत दुसरीकडे आहे, आणि आहे हे आपण आत्ता डोळ्यांनी पाहिलंय, ते त्यानंतर. ज्याची एकच प्रत आहे त्याला घाईत हात लावायचा नाही, त्यासाठी माणसाला झोपेतून उठवून विचारायचं. फोनलाही हाच क्रम चालतो, फक्त फोनमधल्या वस्तू वेगळ्या असतात.

आमच्याच मजल्यावरच्या काकूंचा फोन घेऊन हा क्रम सांगते, कारण त्यांच्या फोनवर जवळजवळ प्रत्येक पायरी लागली.

काकू महामार्गापलीकडच्या एका गाळ्यात पॅकिंगचं काम करतात. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता. दोन वाजेपर्यंत काम व्हायला हवं होतं. फोन पाच वर्षं जुना, ३२ जीबीचा. प्ले स्टोअरने जागा नाही म्हणून सांगितलं होतं आणि त्यांच्या मागे सहा जणी उभ्या होत्या.

काही पुसायच्या आधी मी सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत. त्यात असं दिसलं: सिस्टिम साधारण ११.४ जीबी, ॲप्स ८.६, व्हिडिओ ६.१, फोटो ३.९, कागदपत्रं आणि इतर १.४, आवाजाच्या फाइल्स ०.४. रिकामी जागा १८० एमबी. सिस्टिमच्या जागेला हात लावता येत नाही, त्यामुळे ३२ जीबीचा फोन खरं तर २० जीबीचाच असतो हे अनेकांना तिथे बसून पहिल्यांदा कळलं.

मग किती जागा लागणार ते ठरवलं. ॲप ३० एमबीचं असलं तरी ३० एमबी पुरत नाहीत. आधी ते डाउनलोड होतं, मग उलगडून बसतं, मग स्वतःचा डेटा ठेवतं. शिवाय अँड्रॉइड स्वतःसाठी एक राखीव रेघ ओढून ठेवतं. ही रेघ एकूण जागेच्या पाच टक्के किंवा ५०० एमबी, यातलं जे कमी असेल तिथे असते. त्याखाली गेलात की जागा कमी असल्याची सूचना येत राहते आणि इन्स्टॉल अडखळायला लागतं. काकूंना कागदपत्रांचे फोटोही काढायचे होते. म्हणून मी आकडा ठरवला: दीड जीबी. आकडा ठरवण्याचा फायदा असा की तो गाठला की थांबता येतं. आकडा नसेल तर माणूस पुसतच सुटतो, आणि नुकसान बहुतेक वेळा त्या शेवटच्या, गरज नसलेल्या पुसण्यात होतं.

पहिली पायरी कॅशची. यूट्यूब, क्रोम, फेसबुक, खरेदीची ॲप्स, सगळी आपापल्या वापरासाठी तात्पुरत्या फाइल्स साठवून ठेवतात. त्या पुसल्या तर ॲप पुन्हा तयार करतं. यात कुणाचं काही जात नाही. धोका फक्त एकाच ठिकाणी आहे. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या स्टोरेजच्या पानावर "Clear cache" च्या अगदी शेजारी "Clear storage" किंवा "Clear data" असं बटण असतं. पहिलं बटण धूळ झटकतं, दुसरं घर रिकामं करतं. व्हॉट्सॲपवर दुसरं दाबलं तर सगळे चॅट जातात. म्हणून मी रांगेतल्या बायकांना एकच सांगायचे, बटणावरचा शेवटचा शब्द मोठ्याने वाचा आणि मग दाबा. काकूंच्या फोनवर चार ॲप्सची कॅश काढून ३१० एमबी मिळाले. ही जागा उसनी असते, आठवड्याभरात परत भरते. पण आज दुपारपुरती ती खरी आहे.

दुसरी पायरी कचरापेटीची. इथे अनेकांचा गोंधळ होतो. "ताई, मी सकाळपासून दोनशे फोटो डिलीट केले, जागा तेवढीच आहे," हे वाक्य मी त्या महिन्यात कितीतरी वेळा ऐकलं. हल्लीच्या फोनमध्ये गॅलरीतून पुसलेला फोटो आधी कचरापेटीत जातो आणि फोनमध्येच राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप न झालेला फोटो ३० दिवस आणि बॅकअप झालेला ६० दिवस तिथे पडून असतो. पेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. फोनच्या स्वतःच्या गॅलरीची पेटी वेगळी, गूगल फोटोजची वेगळी, फाइल्स ॲपची आणखी वेगळी. तिन्ही बघाव्या लागतात.

पण पेटी कॅशसारखी डोळे मिटून रिकामी करायची नसते. तिच्यात मुद्दाम पुसलेलं असतं तसं चुकून पुसलेलंही असतं. काकूंच्या पेटीत नातवाने काढलेल्या पंख्याच्या अठ्ठावीस फोटोंमध्ये पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो होता. आज तोच लागणार होता. तो परत आणला, बाकीचं पुसलं, ९० एमबी मिळाले. आता रिकामी जागा ५८० एमबी.

तिसरी पायरी जे इंटरनेटवरून पुन्हा आणता येतं त्याची. ऑफलाइन ठेवलेले सिनेमे आणि गाणी, नकाशे, डाउनलोड फोल्डरमधल्या ॲपच्या फाइल्स ज्यांच्या नावाच्या शेवटी .apk असतं. तरुण मुलांच्या फोनमध्ये इथेच दोन-तीन जीबी सापडतात. मालिकेचा अख्खा सीझन उतरवलेला असतो आणि बघून झालेला असतो. हे त्या-त्या ॲपच्या आत जाऊन काढायचं. याची किंमत एवढीच की परत हवं असेल तर डेटा खर्च होईल. डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ मात्र एकेक बघाव्या लागतात. काकूंकडे विजेचं एकच बिल नावापुढे (1), (2), (3) लागून आठ वेळा उतरलेलं होतं. त्यातलं एक ठेवलं. पण त्याच फोल्डरमध्ये मुलीची बारावीची मार्कशीटही होती, नाव आकड्यांचं, ओळखू न येणारं. उघडून पाहिल्याशिवाय कळलं नसतं. इथे फक्त ६० एमबी मिळाले आणि वेळ बराच गेला. घाई असेल तर या फोल्डरमधल्या मोठ्या फाइल्स तेवढ्या बघून पुढे जावं.

चौथी पायरी ॲप्स काढण्याची. यात विचारायचा प्रश्न एकच: या ॲपमधलं माझं सामान कुठे आहे? खरेदीचं ॲप, फेसबुक, रेल्वेचं ॲप काढलं तर तुमचं सामान त्यांच्या सर्व्हरवर असतं. नंबर आणि पासवर्ड माहीत असला की परत येतं. पण नोंदी लिहायचं साधं ॲप, कॉल रेकॉर्ड करणारं ॲप, दुकानाची उधारी लिहायचं ॲप यांचं सामान अनेकदा फोनमध्येच असतं. ते काढलं की गेलं. पैसे पाठवायची ॲप्स काढली तर पैसे जात नाहीत, पण पुन्हा नोंदणी करताना त्याच सिममधून एसएमएस जावा लागतो, कधी डेबिट कार्ड लागतं, कधी आधार. दुपारी दोनची घाई असताना हे लचांड ओढवून घेऊ नये.

प्ले स्टोअरमध्ये ॲप आर्काइव्ह करायची सोयही काही वर्षांपूर्वी आली आहे. त्यात ॲपचा मोठा भाग निघून जातो, तुमचा डेटा आणि चिन्ह फोनमध्ये राहतं, चिन्हावर टिचकी मारली की ॲप परत उतरतं. तुमच्या फोनमध्ये ही सोय दिसत असेल तर काढून टाकण्याआधी तीच वापरा. काकूंचा फोन जुना होता, त्यात ती दिसली नाही. त्यांच्याकडे नातवाचा एक गेम होता, ४२० एमबीचा. मी तो लगेच काढला नाही. काकूंनी नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, माझी लेव्हल गूगलवर सेव्ह आहे, काढ." मग काढला. एकाच फोनवर तीन माणसांचं सामान असतं, आणि मालकाला ते माहीत असतंच असं नाही. आता रिकामी जागा १,०६० एमबी झाली होती. दीड जीबी अजून झाले नव्हते.

तेवढ्यात रांगेतल्या एका मुलाने सल्ला दिला. तो आईबरोबर आला होता, मोबाइलच्या दुकानात कामाला होता. "व्हॉट्सॲप काढून परत टाका ना. चार-पाच जीबी एका झटक्यात."

हिशोब म्हणून त्याचं बरोबर होतं. काकूंच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आणि त्याचे फोटो-व्हिडिओ मिळून सगळ्यांत मोठा ढीग होता. पण व्हॉट्सॲप हे वरच्या सगळ्या ॲप्सपेक्षा वेगळं आहे. तुमचे जुने मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर साठवलेले नसतात. मेसेज पोचला की तो तुमच्या फोनमध्येच राहतो. ॲप काढून परत टाकल्यावर जुनं सगळं येतं ते बॅकअपमधून. बॅकअप नसेल तर रिकामं ॲप येतं.

म्हणून मी सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडलं. तिथे दोन तारखा असतात, एक फोनमधल्या बॅकअपची आणि एक गूगलवरच्या बॅकअपची. काकूंच्या फोनवर गूगलच्या जागी काहीच नव्हतं. फोनमधला बॅकअप रोज रात्री दोनच्या सुमारास आपोआप होतो, पण त्यालाही जागा लागते. त्याची शेवटची तारीख मे महिन्यातली होती. म्हणजे फोन भरल्यापासून बॅकअपही थांबला होता. आणि तो बॅकअप राहतो त्याच व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये, Android/media/com.whatsapp च्या आत. ॲप काढताना हा फोल्डर शिल्लक राहीलच असा भरवसा धरता येत नाही. ज्या दिवशी जागा संपलेली असते, नेमका त्याच दिवशी बॅकअप जुना असतो. योगायोग नाही, दोन्हीचं कारण एकच आहे.

मी काकूंना विचारलं, "व्हॉट्सॲपमध्ये जपून ठेवायचं काही आहे का?"

त्या म्हणाल्या, "अगं, बाकी सगळं जाऊ दे. ह्यांचे आवाज आहेत."

काका ट्रेलर चालवायचे. २०२१ मध्ये गेले. त्याआधी गुजरातच्या फेरीवर असताना लिहायचा कंटाळा म्हणून आवाजाचे मेसेज पाठवायचे. वापीला पोचलो, जेवलो, टायर बदलला, तू झोप. दहा-दहा, वीस-वीस सेकंदांचे. काकू ते अधूनमधून ऐकतात.

त्या मुलाने लगेच, "नको, मग नको काढू," म्हटलं आणि स्वतःहून मागे झाला.

तर पाचवी पायरी व्हॉट्सॲप आतून साफ करण्याची, आणि तिथेही एक क्रम आहे. सेटिंग्जमध्ये "Storage and data", मग "Manage storage". वरती दोन गठ्ठे दिसतात. एक "Forwarded many times", म्हणजे पुन्हा पुन्हा पुढे ढकलत आलेले मेसेज. दुसरा "Larger than 5 MB". त्याखाली चॅटप्रमाणे यादी, सगळ्यांत जड चॅट वर. पहिल्या गठ्ठ्यात धोका सर्वांत कमी, कारण जे इतक्या हातांतून फिरलंय ते जगात एकट्या तुमच्याकडे नसतं. सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, नेत्यांची भाषणं, औषधांचे उपाय. तरी वरून खालपर्यंत एकदा बोट फिरवायचं. काकूंकडे यात ७०० एमबी निघाले. रिकामी जागा १,७६० एमबी. आकडा गाठला होता. मी थांबले.

पण समजा आकडा गाठला नसता, तर पुढे काय? दुसऱ्या गठ्ठ्यात, पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल्समध्ये, लग्नाचे आणि बारशाचे व्हिडिओ असतात. ते पाठवणाऱ्याकडे अजून असतील, नसतीलही. एकेक बघून काढायचे. आणि त्याखालच्या यादीत जो सापळा आहे तो मला काकूंच्याच फोनवर दिसला. यादीत तिसऱ्या क्रमांकावर काकांचं चॅट होतं, साडेआठशे एमबीचं. बंद पडलेला नंबर, तीन वर्षांत एकही मेसेज नाही, आणि एवढी जागा. अनोळखी माणसाला पुसायला याहून सोयीचं चॅट मिळणार नाही. आत जाऊन पाहिलं तर जवळजवळ सगळी जागा काकांनी पुढे पाठवलेल्या जुन्या विनोदी व्हिडिओंनी खाल्ली होती. आवाजाचे मेसेज सगळे मिळून काही थोडे एमबी.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आवाज फार कमी जागा घेतो. व्हॉट्सॲपचा एक मिनिटाचा आवाज काहीशे केबींत मावतो, तर एक मिनिटाचा व्हिडिओ सहज त्याच्या वीस-पंचवीस पट असतो. काकूंच्या सगळ्या फोनमधले सगळ्यांचे आवाजाचे मेसेज ३८ एमबी भरले. म्हणजे ते पुसून काही मिळणारच नव्हतं. जागेसाठी आवाज पुसणं हा नेहमीच तोट्याचा सौदा आहे. आणि धोका असा की ते गॅलरीत दिसत नाहीत आणि गूगल फोटोज त्यांचा बॅकअप घेत नाही, त्यामुळे कुणाला त्यांची आठवणच राहत नाही. चॅट पुसलं की ते निमूटपणे सोबत जातात.

सहावी पायरी स्वतःच्या फोटोंची, आणि इथे मी गरज पडल्याशिवाय जात नाही. गूगल फोटोजमध्ये "Free up space" नावाचं बटण आहे. ते फक्त बॅकअप झालेले फोटोच फोनमधून काढतं, त्यामुळे ते स्वतः प्रामाणिक आहे. गडबड आजूबाजूच्या समजुतींमध्ये असते. पहिली समजूत, माझे सगळे फोटो गूगलवर आहेत. कॅमेऱ्याचे असतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा फोल्डर मुद्दाम चालू केल्याशिवाय बॅकअप होत नाही. शिवाय १ जून २०२१ पासून फोटोही मोफतच्या १५ जीबीत मोजले जातात, आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही असतं. ती जागा भरली की बॅकअप गपचूप थांबतो. म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून बॅकअप पूर्ण झालाय की थांबलाय ते वाचायचं.

दुसरी समजूत, फोनमधून जागा केली म्हणजे आता गूगल फोटोजमध्ये दिसणारा फोटो नुसती सावली आहे, तो पुसला तरी चालेल. उलट आहे. "Free up space" नंतर ती एकमेव प्रत असते. ती त्या ॲपमधून पुसली की सगळीकडून जाते.

तिसरी गोष्ट मला त्या खोलीत बसूनच कळली, ऑफिसात ती कधी कळली नसती. मी बायकांना विचारायचे, "तुमचा जीमेलचा पासवर्ड काय?" दहातल्या सात-आठ जणी हसायच्या. अकाउंट फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं असायचं, किंवा गावच्या भाच्याने. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. अकाउंटला जोडलेला नंबर जुन्या, बंद पडलेल्या सिमचा. अशा अकाउंटवर बॅकअप पूर्ण दिसत असला तरी ती दुसरी प्रत म्हणावी का? हा फोन चालू आहे तोवरच ती आहे. फोन पाण्यात पडला, आणि जुलैत महामार्गावर पाणी साचतं तेव्हा असे फोन बरेच पडतात, की त्या बाईला तिचे फोटो मिळणार नाहीत. म्हणून माझी परीक्षा साधी आहे. दुसऱ्या कुणाच्या फोनवर तेच अकाउंट उघडून तोच फोटो दिसतो का? दिसला तर प्रत आहे. नाही दिसला तर फोनमधला फोटो हीच एकुलती एक प्रत समजायची.

आणि सातवी, सगळ्यांत खालची पायरी: व्हॉट्सॲप काढणं, त्याचं "Clear storage", त्याच्या Databases फोल्डरमधल्या msgstore ने सुरू होणाऱ्या फाइल्स पुसणं, फोन रिसेट करणं. त्या msgstore फाइल्स मोठ्या असतात आणि नावावरून कचरा वाटतात. तो कचरा नसून रोजचा बॅकअप असतो. तारखा लावलेल्या जुन्या फाइल्स गेल्या तरी चालतात, पण ज्या फाइलच्या नावात तारीखच नाही ती सर्वांत ताजी असते आणि गूगलवर बॅकअप नसेल तर तीच परतीची वाट आहे. रिसेटबद्दल तर प्रश्नच नाही. हल्लीच्या फोनमध्ये सगळी साठवण कुलूपबंद स्वरूपात असते आणि रिसेट करताना किल्लीच फेकून दिली जाते. नाक्यावरच्या कुठल्याही दुकानात ते परत मिळत नाही. पुसलेले फोटो आणून देणारी ॲप्स बहुतेक वेळा फोनने आधी बनवून ठेवलेली छोटी, धुरकट चित्रंच दाखवतात.

काकूंचं ॲप पावणेदोनला उतरलं. त्यांचा फोटो काढला, कागद चढवले, अर्ज गेला. ऑगस्टमध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये त्यांच्या खात्यात आले.

पण मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ते काम त्याच रात्री झालं. जागा मोकळी झाल्यावरच ते शक्य होतं, कारण प्रत काढायलाही थोडी जागा लागते. काकू गाळ्यावरून परत आल्यावर त्यांचा फोन मी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडला, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडलं आणि हा फोल्डर उघडला:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

त्यात आकड्यांची नावं असलेले फोल्डर असतात. 202016 म्हणजे २०२० सालचा सोळावा आठवडा. आतली फाइल PTT-20200416-WA0003.opus अशी, म्हणजे १६ एप्रिल २०२०. कोण बोलतंय ते नावात नसतं, म्हणून निवडत बसण्यात अर्थ नाही. मी अख्खा फोल्डर उचलला. ३८ एमबी, मिनिटभरही लागलं नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक त्यांच्या मुलीला मेल केली. मेलला मोठी जोडणी चालत नाही म्हणून दोन तुकडे करावे लागले.

मुलगी वसईला असते. तिने तिच्या फोनवर एक फाइल उघडून ऐकली आणि काकूंना फोन केला, तेव्हा मी प्रत झाली असं मानलं. त्यानंतर काकूंच्या व्हॉट्सॲपमध्ये "Media auto-download" मध्ये व्हिडिओ बंद केले, आणि काकांच्या चॅटमधले विनोदी व्हिडिओ काढू का म्हणून विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या, "आता जागा आहे ना?"

होती. १,७०० एमबीच्या आसपास. मी केबल काढली.